गेटवरची दोन कुलपं

आमच्या सोसायटीच्या गेटला दीड वर्ष दोन कुलपं होती. एक बिल्डरचं, एक आमचं. आत तीन स्लॅबचा सांगाडा, वर आभाळाकडे तोंड करून गंजत उभ्या असलेल्या सळया, आणि जिथे आमचं तुळशीवृंदावन होतं तिथे वाढलेली बाभूळ. बिल्डरचं कुलूप तोडू नका, असं वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्याचं राहू द्या. तुमचं शेजारी लावा आणि तुमचा माणूस बसवा." तेव्हा मला ते पोरकट वाटलं होतं.

छत्रपती संभाजीनगरात, गारखेडा भागात १९८६ साली बांधलेली अठ्ठावीस फ्लॅटची आमची सोसायटी. तळमजला अधिक तीन. लिफ्ट नाही, बाथरूमच्या कोपऱ्यातून प्लास्टर पडतंय, आणि आठवडाभराने येणारं नळाचं पाणी साठवायला टाक्या अपुऱ्या. बरेचसे सभासद माझ्यासारखे निवृत्त. मी बँकेत नोकरी केली, हे मुद्दाम आत्ताच सांगते, कारण पुढे त्याची लाज वाटायची वेळ येणार आहे. आमच्या शहरात बऱ्याच इमारतींना सोसायटीच नाही, जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. आमचं मालमत्ता पत्रक सोसायटीच्या नावावर होतं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या एका कागदाचा झाला.

जुनी इमारत पाडून नवी बांधायला जानेवारी २०२० मध्ये बिल्डरबरोबर विकसन करारनामा नोंदवला. सोबत बिल्डरच्या नावे कुलमुखत्यारपत्र, त्यावर ठळक अक्षरांत 'अपरिवर्तनीय'. मग कोरोना आला. ३१ मार्च २०२१ ला आम्ही घरं सोडली. त्या तारखेपासून चोवीस महिन्यांत नवी इमारत आणि सहा महिने सवलतीचे, म्हणजे शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२३. घरभाडं प्रत्येकी दरमहा दहा हजार. डिसेंबर २०२२ मध्ये तिसरा स्लॅब टाकून झाला आणि काम थांबलं, ते थांबलंच. सात मजले व्हायचे होते.

जून २०२३ नंतर भाड्याचे चेक बंद झाले. काही जणांचे आधीचे परतही आले होते. बिल्डर भेटायचा, चहा पाजायचा. "काकू, टेन्शन घेऊ नका, फक्त फायनान्स अडकलाय." नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर, अचानक सगळ्यांना दोन-दोन चेक मिळाले, जुलै आणि ऑगस्टचे. दिवाळीच्या तोंडावर वीस हजार! आम्ही हसत हसत घेतले आणि भरले. कुणी एक ओळ लिहून दिली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये जुन्या कमिटीला राग आला. लेटरहेडवर चेअरमननी सही करून पाठवलं: 'आपण काम न केल्याने करार रद्द करण्यात येत आहे.' अर्धं पान. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि एक प्रत त्याच्या साइट ऑफिसात दिली. त्याच्या वकिलाचं उत्तर पाच पानी आलं. मी ते तीनदा वाचलं. वाईट वाटलं ते अशासाठी, की त्यातलं बहुतेक खरं होतं.

त्याचं म्हणणं असं. करारात लिहिलंय की चूक दाखवून ती सुधारायला आधी तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची, मगच रद्द. तुम्ही दिली का? नोटीस करारातल्या नोंदणीकृत पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने द्यायची. दिली का? करार रद्द करायचा निर्णय सर्वसाधारण सभेचा, तो ठराव कुठे आहे? आणि शेवटचा मुद्दा: मुदत संपल्यावर तुम्ही नोव्हेंबरमध्ये भाडं स्वीकारलंत, म्हणजे तुम्ही मुदत वाढवून दिलीत.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या नव्या वकीलबाईंनी आम्हाला अर्धा तास बसवून ठेवलं. करार कायद्याचं कलम ५५. ठरलेली वेळ चुकल्यावर समोरच्याने उशिरा दिलेलं तुम्ही निमूटपणे घेतलं, तर त्या उशिराबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर घेतानाच तसं कळवावं लागतं. आमच्या चेकना तेवढंच एक पत्र हवं होतं: 'ही रक्कम आम्ही आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारत आहोत, याने मुदतवाढ दिली असे समजू नये.' दोन ओळी, अठ्ठावीस सह्या. "पैसे नाकारायचे नसतात, ताई," त्या म्हणाल्या. "पण तोंड बंद ठेवून घ्यायचे नसतात."

मग बँक गॅरंटी. पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. त्यात प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी घ्या असं आहे. आमचा प्रकल्प नऊ कोटींचा, म्हणजे एक कोटी ऐंशी लाख झाले असते. वाटाघाटीत साठ लाखांवर मान्य झालं. ती मूळ गॅरंटी कुठे आहे, असं वकीलबाईंनी विचारलं. जुन्या चेअरमनच्या मुलीकडे, वाळूजला, एका लोखंडी पेटीत लग्नाच्या अल्बमखाली सापडली. वैधता ३१ मार्च २०२३ पर्यंत. गॅरंटीचा दावा मुदतीच्या आत बँकेत पोचला तरच पैसे मिळतात, नंतर तो कागद रद्दी. काम डिसेंबर २०२२ मध्ये थांबलं होतं. आमच्या हातात तीन महिने होते. नूतनीकरण करा नाहीतर रक्कम द्या, एवढं एक पत्र बँकेला गेलं असतं तर साठ लाख हातात होते. एकतीस वर्षं मी लोकांच्या गॅरंट्यांच्या तारखा रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिल्या. स्वतःच्या घराची लिहिली नाही.

फेब्रुवारीत नवी कमिटी झाली आणि मी सेक्रेटरी. बिल्डरचा वॉचमन पगार न मिळाल्याने निघून गेला होता. म्हणून आम्ही आमचा ठेवला, परभणीकडचा एक म्हातारा. कुलूप लावलं. करार नीट वाचला तेव्हा कळलं की जमिनीचा ताबा आम्ही बिल्डरला दिलेलाच नव्हता, फक्त बांधकामासाठी आत येण्याची परवानगी दिली होती. त्यामुळे आमचा माणूस तिथे बसणं ही घुसखोरी नव्हती. वॉचमनला मी दोनशे पानी वही आणून दिली. रोज तारीख टाकायची, किती मजूर आले, कोणती मशीन आली, ते लिहायचं. त्याच्या वहीत महिनाभर एकच वाक्य आहे: 'आज कुनी नाही.' एका दिवशी मात्र 'आज कुनी नाही. साप निगाला.'

चुकलेली सुरुवात पुसून पहिल्यापासून करायचं ठरलं. १० एप्रिलला नवी नोटीस गेली, करारातल्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने, शिवाय ईमेलने. त्यात 'करार रद्द' हे शब्दच नव्हते. चुका क्रमाने होत्या: डिसेंबर २०२२ पासून काम बंद, मुदत उलटली, सप्टेंबर २०२३ पासून भाडं नाही, गॅरंटीचं नूतनीकरण नाही. प्रत्येकीसमोर करारातला कलम क्रमांक. नोव्हेंबरच्या चेकमुळे मुदतीबद्दल गोंधळ झाला असेल, तर तो या नोटिशीने संपतो; तीस दिवसांत काम पूर्ण वेगाने सुरू करा, थकलेलं भाडं द्या, गॅरंटी द्या, आणि यापुढे वेळ हा कराराचा गाभा राहील, असं स्पष्ट लिहिलं. वकीलबाई म्हणाल्या, सैल सोडलेली दोरी पुन्हा ताणायची तर आधी सांगून ताणावी लागते.

आणि बघा, चमत्कार झाला. २९ एप्रिलला साइटवर मिक्सर आला, सहा मजूर आले. बिल्डरने फोटो पाठवले, सभासदांच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. "उगाच घाई केली तुम्ही, काकू." वॉचमनच्या वहीत २९ एप्रिल ते ७ मे, नऊ दिवस. मजूर सहा, पाच, पाच, चार. त्यांनी काय केलं तेही लिहिलंय: 'झाडू मारला. विटा एका जागेहून दुसऱ्या जागी ठेवल्या.' आठ मेपासून परत 'आज कुनी नाही.' ही वही पुढे कोर्टात गेली आणि बिल्डरच्या फोटोंना तिनेच उत्तर दिलं.

या काळातली एक गोष्ट लिहायची की नाही यावर माझं आणि मिस्टरांचं मतभेद आहे, पण लिहिते. मे महिन्यात कळलं की पाच सभासदांना बिल्डर गुपचूप भाडं देतोय, ऑनलाइन, आठ महिन्यांपासून. म्हणून ते सभांमध्ये "थोडं थांबू या" म्हणायचे. मला संताप आला. त्यातल्या एका काकांच्या घरी गेले, तर काकू अंथरुणाला खिळलेल्या, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ते म्हणाले, "मी दहा हजार सोडले तर घरमालक बाहेर काढतो. तुम्ही देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की पासबुकाची झेरॉक्स द्या. थकबाकी मोजताना ते पैसे वजा करावे लागतील, लपवलं तर आपला सगळा आकडा खोटा ठरेल. पाचही जणांनी दिली. नंतर मतदान मात्र त्यांनी आपापल्या मनाने केलं.

विशेष सर्वसाधारण सभा १४ जुलै २०२४ ला, रविवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. बिल्डर निवडताना शासन निर्णयाची जी शिस्त पाळायची असते तीच रद्द करतानाही पाळा, म्हणजे नंतर कुणी बोट ठेवायला नको, असा सल्ला होता. चौदा दिवसांची नोटीस, विषयपत्रिकेवर हा एकच विषय स्पष्ट शब्दांत, व्हिडिओ शूटिंग, दोन तृतीयांश गणपूर्ती, म्हणजे आमच्याकडे एकोणीस. सहकार खात्याच्या उपनिबंधकांना आधी पत्र. दोन सभासद भाड्याच्या घरातच वारले होते. त्यांच्या वारसांची नावं सभासद रजिस्टरला लावायला आम्हाला मे-जून गेला. ते केलं नसतं तर ती दोन मतं वादात पडली असती. तेवीस हजर. एकवीस बाजूने, दोन तटस्थ. अंथरुणाला खिळलेल्या काकूंचे काका हात वर करून बसले होते.

ठरावानंतर चार दिवसांनी करार आणि कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस गेली. 'अपरिवर्तनीय' शब्दाने आम्ही सगळे घाबरलो होतो. तो अधिकार करारातल्या हक्काला चिकटलेला असतो, करार कायदेशीर रद्द झाला तर तो एकटा तरंगत राहत नाही, असं आमच्या बाजूने मांडायचं ठरलं. पण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत नोंदणी कार्यालयात ते पत्र जिवंतच असतं. मी दुय्यम निबंधकांकडे अर्ज घेऊन गेले की याच्या सहीने कोणताही दस्त नोंदवू नका. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, अर्जावर आम्ही दस्त थांबवू शकत नाही. कोर्टाचा मनाई आदेश आणा." बरोबरच होतं त्यांचं. महापालिकेच्या नगररचना विभागाला पत्र दिलं, दोन मराठी पेपरात जाहीर नोटीस दिली. पण खरा अडसर कोर्टाचाच.

रेराकडे जायचं का, यावर ग्रुपवर महिनाभर काथ्याकूट झाला. वकीलबाईंचं मत पडलं, जाऊ नये. रेरा मुख्यतः विक्रीचे फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी, आपण आपलीच जागा देऊन घर परत घेणारे. करारात लवादाचं कलम होतं, त्यामुळे रस्ता लवाद कायद्याचा. लवाद बसेपर्यंत तातडीचं संरक्षण कलम ९ खाली मागायचं. मुंबईच्या सोसायट्या त्यासाठी थेट हायकोर्टात जातात, त्यांच्याच निकालांच्या बातम्या आपण वाचतो. आपल्याकडे तो अर्ज जिल्हा न्यायालयात.

ऑगस्टमध्ये अर्ज दाखल झाला. त्याआधी आर्किटेक्टकडून साइटचा अहवाल करून घेतला: किती घनमीटर काँक्रीट, कोणत्या कॉलमच्या सळया किती गंजल्या. हातोड्यासारख्या उपकरणाने काँक्रीटची ताकद ठिकठिकाणी तपासली. त्यावरून फक्त अंदाज येतो म्हणून सहा ठिकाणी गाभा कापून नमुने लॅबला पाठवले. बिल्डरने हरकत घेतली की हा तुमचा माणूस. म्हणून कोर्टाने कमिशनर नेमला, एक तरुण वकील. त्याने दोन्ही बाजू बोलावून पंचनामा केला. त्यात एक ओळ आली, 'प्रवेशद्वारास दोन कुलपे आढळली, एका कुलपाची चावी अर्जदार सोसायटीच्या रखवालदाराकडे, तो जागेवर उपस्थित.' ताबा कुणाचा यावर बिल्डरच्या वकिलाला फार बोलता आलं नाही. पोरकट वाटलेल्या कुलपाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सुनावणीत बिल्डरने अठरा महिने मागितले. न्यायाधीशांनी एकच विचारलं, थकलेलं भाडं कोर्टात भरता का? अकरा महिन्यांचं अठ्ठावीस जणांचं तीस लाख ऐंशी हजार, त्यातून त्या पाच जणांना दिलेले चार लाख वजा, म्हणजे सव्वीस लाख ऐंशी हजार. त्याने मुदत मागितली. पुढच्या तारखेला पुन्हा. तिसऱ्या तारखेला त्याचा वकीलच म्हणाला, मला पक्षकाराकडून काही सूचना नाहीत. डिसेंबरमध्ये आदेश झाला: बिल्डरने जागेत कुणाचाही हक्क निर्माण करायचा नाही, ताब्यात अडथळा आणायचा नाही. नवा बिल्डर शोधायला सोसायटी मोकळी, पण अंतिम करार कोर्टाला विचारून. पेढे वाटू लागलेल्यांना वकीलबाईंनी थांबवलं. कलम ९ चा आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत लवादाची सुरुवात व्हायला हवी. लवादाची नोटीस त्याच आठवड्यात गेली.

एका गोष्टीचा निकाल कागदावर सोपा आणि माणसांत अवघड होता. बिल्डरने विक्रीचे चार फ्लॅट आधीच विकले होते. त्यातले एक शिक्षक, जालन्याचे, आमच्या सभेला येऊन दाराशी उभे राहिले. अकरा लाख भरलेले, वर गृहकर्जाचा हप्ता. कायदा आमच्या बाजूने होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की अशा खरेदीदारांचा करार बिल्डरशी असतो, त्यांचा दावा सोसायटीवर येत नाही. पण "आमच्यावर येत नाही" हे त्या माणसाच्या तोंडावर म्हणायला जीभ उचलेना. तडजोडीत त्या चौघांचे पैसे ही आम्ही आमची अट केली. फक्त चांगुलपणा म्हणून नाही. त्यांचे दस्त नोंदलेले असताना कुठलाही नवा बिल्डर हात लावत नव्हता.

लवादापुढे दोन बैठका झाल्या आणि बिल्डर तडजोडीला आला. त्याचा दावा तीन कोटी चाळीस लाखांचा, त्यात व्याज, ऑफिस खर्च, जुनी इमारत पाडण्याचा खर्च, सगळं. जुन्या इमारतीचं भंगार त्यानेच विकलं होतं, ते मात्र हिशेबात नव्हतं. आमच्या आर्किटेक्टच्या मोजमापाने प्रत्यक्ष काम एक कोटी बत्तीस लाखांचं, महापालिकेच्या पावत्या अठरा लाखांच्या. दीड कोटीतून भाडं वजा, गंजलेल्या सळयांच्या दुरुस्तीचं वजा, करारानंतरच्या नुकसानीवर ओढाताण, असं होत होत पंच्याण्णव लाखांवर अडलं आणि तिथेच ठरलं. ते नव्या बिल्डरने द्यायचे, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता चार खरेदीदारांचे करार रद्द होऊन नोंदल्यावर आणि त्याच्या कर्जदात्याचं ना-हरकत पत्र आल्यावर. मे २०२५ मध्ये लवादाने याच अटींवर निवाडा दिला, म्हणजे उद्या शब्द फिरवला तर त्याची थेट अंमलबजावणी करता येते. ज्याने आपल्याला रस्त्यावर आणलं त्याला पंच्याण्णव लाख का द्यायचे, असं सात जण अजून म्हणतात. दहा वर्षं भांडून कदाचित कमी द्यावे लागले असते. आमच्यातल्या सगळ्यात तरुण सभासदाचं वय एकोणपन्नास आहे.

ऑगस्टमध्ये रद्दलेख नोंदवायला बिल्डर आला. मला बघून "काकू, तब्येत बरी ना?" म्हणाला. अंगठा, फोटो, पाच मिनिटं. बाहेर आल्यावर त्याने खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. रिक्षा करून थेट साइटवर गेले. कुलूप इतकं गंजलं होतं की चावी आत गेली आणि फिरेना. वॉचमन म्हणाला, "म्याडम, आता तोडू का?" मी वकीलबाईंना फोन लावला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आधी रद्दलेखाचा फोटो काढून मला पाठवा, मग तोडा.

फोटो पाठवला. मग शेजारच्या वेल्डरला बोलावलं.